बॉक्सच्या पोटात दडलेली दरी

अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानात ‘ओल्ड फेथफुल’ नावाचा गरम पाण्याचा झरा आहे. तो ठरावीक वेळाने जोरात उसळतो. त्याच्या २७२ उसळ्यांच्या नोंदी R या सांख्यिकीच्या संगणक भाषेत faithful नावाने तयार मिळतात. प्रत्येक ओळीत दोन आकडे: उसळी किती मिनिटं टिकली आणि पुढच्या उसळीसाठी किती मिनिटं थांबावं लागलं. पहिल्या ओळीत ३.६ आणि ७९, दुसरीत १.८ आणि ५४.

आधी फक्त उसळीचा काळ घेऊ.

```r
boxplot(faithful$eruptions)
hist(faithful$eruptions)
```

बॉक्स प्लॉट दिसायला अगदी शहाणा येतो. बॉक्स, म्हणजे मधल्या निम्म्या उसळ्या, साधारण २.१६ पासून ४.४५ पर्यंत, मध्यक ४, वेगळा पडलेला एकही ठिपका नाही. बघणाऱ्याला वाटतं, बहुतेक उसळ्या तीन-साडेतीन मिनिटांच्या आसपास असतील. सरासरीही तेच सुचवते, ३.४९.

आता हिस्टोग्राम बघा. दोन उंचवटे दिसतात, एक दोन मिनिटांजवळ, दुसरा साडेचारजवळ, आणि मध्ये दरी. अडीच ते साडेतीन मिनिटांच्या पट्ट्यात २७२ पैकी जेमतेम १४ उसळ्या आहेत. म्हणजे सरासरी जिथे बोट ठेवते, तिथे जवळजवळ काहीच नाही. बॉक्स प्लॉट पाच आकड्यांवर उभा असतो: सर्वात लहान, सर्वात मोठा, मध्यक आणि बॉक्सची दोन टोकं. बॉक्सच्या आत माणसं गर्दी करून बसलीत की दोन कोपऱ्यांत, हे त्याला सांगताच येत नाही. म्हणून एकच चल असेल तर मी हिस्टोग्रामशिवाय पुढे जात नाही.

पण हिस्टोग्रामही फसवतो. पट्टे तीन-तीन मिनिटांचे केले, शून्य ते तीन आणि तीन ते सहा, तर ९७ आणि १७५ असे दोन स्तंभ उरतात आणि दरी गायब होते. पट्ट्यांची रुंदी दोन-तीनदा बदलून बघा. प्रत्येक वेळी टिकणारा आकार खरा माना.

या दोन गटांचा प्रतीक्षेशी काय संबंध, हे मात्र हिस्टोग्राम सांगत नाही. स्कॅटर प्लॉटवर आडव्या अक्षावर उसळीचा काळ आणि उभ्यावर प्रतीक्षा घेतली की ठिपक्यांचे दोन वेगळे पुंजके दिसतात. छोटी उसळी झाली की प्रतीक्षा कमी, मोठी झाली की जास्त.

बॉक्स प्लॉट इथे कामाला येतो. तीन मिनिटांवर उसळ्यांचे दोन भाग करा आणि प्रतीक्षेचे दोन बॉक्स शेजारी ठेवा. एकाचा मध्यक साधारण ५४, दुसऱ्याचा ८०, आणि बॉक्स एकमेकांना शिवतही नाहीत. गटागटांची तुलना हेच त्याचं खरं काम.

एक सावधगिरी राहिली. या दोन चलांचा सहसंबंध ०.९० येतो आणि तो बघून माणूस हरखतो. त्यातला मोठा वाटा दोन पुंजक्यांमधल्या अंतराचा आहे. एकाच पुंजक्याच्या आत मोजला तर तो बराच खाली येतो, आणि हे आकडा नाही, स्कॅटर प्लॉटच आधी दाखवतो.