ध्रुवपदातलं जहाज

नमस्कार. इंग्रजी पॉप गाण्याचं ध्रुवपद मराठीत कसं आणायचं, हा आजचा विषय. एका खऱ्या कामाची गोष्ट सांगते, पण त्या गाण्याचे हक्क माझ्याकडे नाहीत. म्हणून तीच अडचण असलेल्या दोन ओळी मी आजच्यासाठी बांधून आणल्या आहेत: ‘आय्म ओव्हर यू, दॅट शिप हॅज सेल्ड.’ प्रेम मोडलंय, गाणारी त्यातून बाहेर पडलीय आणि परत आलेल्याला दार बंद आहे असं सांगतेय. मुंबईत हे कुणाला समजवावं लागत नाही. तरीही ते मराठीत गायचं म्हटलं की पंचाईत होते.

‘ते जहाज निघून गेलं’ असं गा. भाऊच्या धक्क्यावर लाँच चुकलेल्या माणसाची तक्रार वाटते की नाही? मग कुणीतरी म्हणतं, आपल्याकडे म्हण आहे ना, बैल गेला अन् झोपा केला! हात वर करा, यातला झोपा म्हणजे झोप असं किती जणांना वाटतं? बघा. झोपा म्हणजे गोठ्याचं दार. अर्थ जवळचा आहे, पण ज्या ओळीवर मुलीचा गळा दाटतो तिथे बैल आला की प्रेक्षागृह हसतं. तयार म्हण मिळाली म्हणजे काम झालं असं नसतं. तिचा सूरही जुळावा लागतो.

आता माझी तक्रार. असं भाषांतर हक्कदाराच्या परवानगीशिवाय करता येत नाही, ते योग्यच आहे. तपासणीसाठी मराठी ओळी पुन्हा शब्दशः इंग्रजीत करून पाठवायच्या असतात. त्या कामात मी जहाज काढलं होतं. उत्तर आलं: ‘जहाज कुठे आहे?’ मी अर्थ कळवला. पुन्हा तेच: ‘मूळ प्रतिमा राखा.’ तपासणाऱ्यांना मराठी येत नव्हतं. त्यांच्यासमोर फक्त उलट भाषांतराचा कागद होता, आणि त्या कागदावर चांगली ओळ नेहमी चुकीचीच दिसते. शेवटी गायिकेला जहाजाची ओळ गावी लागली. पहिल्या प्रयोगाला ध्रुवपदावर लोक एकमेकांकडे बघायला लागले. मला त्याचा अजून राग येतो, कारण कष्ट तिचे होते आणि हसं तिचं झालं. तेव्हापासून मी ओळीशेजारी तिसरा रकाना जोडते: ही ओळ इथे काय करते? ‘परतीची वाट बंद करते’ एवढं लिहिलं की जहाज मागणारे बहुधा थांबतात.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. मुख्य काम आता भराभर सांगते.

‘दॅट शिप हॅज सेल्ड’ म्हणजे चार अक्षरं. दुसऱ्या आणि चौथ्यावर ठोका, चौथं लांबवायचं. ‘वेळ गेली’ म्हणून पाहा. ‘वेळ’चं एक अक्षर धरलं तर एकूण तीनच भरतात. चार करायला वे-ळ असं फोडलं तर ठोका ‘ळ’वर आपटतो, आणि वरच्या सुरावर ‘ली’चा ई-कार आवळतो. आता ‘उशीर झाला’: उ-शीर-झा-ला. ऱ्हस्व उ ठोक्याआधी निसटतो, ‘शीर’वर ठोका बसतो आणि शेवटी लांबवायला मोकळा आ-कार मिळतो.

‘ओव्हर यू’ला ‘तुला विसरले’ म्हणू नका. विसरलेली मुलगी गाणं कशाला म्हणेल? तिला आठवतंय, फक्त दुखत नाही. त्याला आपल्याकडे सावरणं म्हणतात. ‘मी सावरले’: मी-सा-वर-ले, ठोके ‘सा’ आणि ‘ले’वर, चोख. पण इंग्रजी ओळ मुलगाही गाऊ शकतो. मराठी क्रियापद लिंग सांगून टाकतं, आणि समूहगानात अर्धे ‘सावरलो’ म्हणणार. तिथे ‘मन सावरलं’ घ्या. ठोके तेच राहतात, आणि मन नपुंसकलिंगी असल्यामुळे कुणीही गावं.

मन सावरलं, उशीर झाला. यात ‘यू’ गळला, हे खरं नुकसान आहे. ‘तू’ कडव्याच्या पहिल्याच ओळीत आणून मी ते भरून काढते. पण रंगमंचावर खरंच बंदर उभं असेल किंवा पुढच्या कडव्यात शिडं आणि लाटा येत असतील, तर जहाज काढता येत नाही. तिथे कडव्यासकट सगळं नव्यानं बांधावं लागतं.

ओळ जमली का हे पाहायला ती आधी चालीशिवाय, मूळ गाणं न ऐकलेल्या माणसाला म्हणून दाखवा आणि विचारा, या दोघांत काय झालं असेल? ‘तो परत आलाय, पण ही आता त्याच्याकडे परत जाणार नाही’ असं उत्तर आलं, तरच गायिकेकडे पाठवा.