पोटमाळ्याचा बीम वाकला नाही, कलंडला: लॅटरल टॉर्शनल बकलिंग

[टेबलावर दोन लाकडी ठोकळे, प्रत्येकात करवतीने पाडलेली खाच, खाचांत उभी बसवलेली दोन फुटी स्टीलची पट्टी]

नमस्कार. ही दोन फुटी पट्टी बघा. आडवी ठेवली तर स्वतःच्या वजनानेही झोळ खाते. पण आता ती मी धारेवर उभी केली आहे, म्हणजे खाली वाकायला एकदम ताठ. मधोमध बोटाने दाबतो. थोडं दाबलं, काही नाही. अजून थोडं... आणि गेली!

परत बघा, सावकाश. पट्टी खाली वाकलीच नाही. मधला भाग बाजूला सरकला आणि सरकताना कलंडला. वरची कड जास्त सरकली, खालची कमी, आणि त्या फरकामुळे पट्टीला पीळ बसला. बाजूला जाणं आणि पिळणं एकाच वेळी घडतं, म्हणून नाव लॅटरल टॉर्शनल बकलिंग. पातळ, उंच पट्टीसाठी याचं गणित 1899 साली दोघांनी स्वतंत्रपणे सोडवलं: म्युनिकमध्ये प्रांटल आणि मेलबर्नमध्ये इंजिनिअर मिचेल. पुढे विमानाच्या पंखाशी ज्याचं नाव जोडलं गेलं तोच हा प्रांटल, आणि त्याची डॉक्टरेट या कलंडणाऱ्या पट्ट्यांवर आहे.

आता पट्टीवरून गाळ्यात जाऊ या.

साकीनाक्याला एका गाळ्यात मला बोलावलं होतं. मालकांना कापडाचे तागे ठेवायला पोटमाळा हवा होता आणि तो बांधून झालाही होता. सहा मीटरचे तीन बीम, तीन-तीन मीटरवर, सगळे आयएसएमबी 400. म्हणजे आय आकाराचा बीम, 400 मिलिमीटर उंच, आणि वर-खालच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्लँज, फक्त 140 मिलिमीटर रुंद. बीमांवर पाइपचे जॉइस्ट, म्हणजे मजला पेलणारे छोटे आडवे बीम, नुसते टेकवलेले आणि त्यावर प्लायवुडचे तुकडे. मालक म्हणाले, "साहेब, वर दहा माणसं नाचवून बघितली. हललासुद्धा नाही."

हलणार नाहीच! आपण त्याचा हिशोब करू. चौरस मीटरला 500 किलो माल आणि 100 किलोचा मजला धरला, तर मधल्या बीमवर मीटरला 18 किलोन्यूटन येतात, साधारण 1.8 टन. एवढ्या भाराखाली हा बीम मधोमध किती झुकेल? जेमतेम साडेसात मिलिमीटर, तेही सहा मीटरमध्ये. डोळ्याला दिसणारही नाही. म्हणूनच ही गोष्ट फसवी आहे. बीम खाली किती झुकतो हे बघून तो कलंडणार आहे की नाही, याचा काहीच अंदाज येत नाही.

[स्क्रीनवर आय आकाराचा छेद, वरचा फ्लँज लाल]

बीम खाली वाकतो तेव्हा वरच्या फ्लँजवर दाब येतो आणि खालच्यावर ताण. दाबाखालचा वरचा फ्लँज म्हणजे आडवा झोपवलेला एक लांब, बारीक खांबच. लांब खांब दाबला की तो बगल देतो. या फ्लँजला खाली जायचं तर मधली उभी पट्टी, म्हणजे वेब, अडवते. वर जायलाही तीच अडवते. उरतं ते बाजूला, आणि तिथे अडवणारं कोणी नाही. वर हा बीम बाजूला वाकायला किती लवचिक आहे बघा: उभ्या दिशेने त्याचा जडत्व आघूर्ण 20,458 सेंटिमीटरचा चौथा घात, तर बाजूच्या दिशेने फक्त 622. तेहतीस पटींचा फरक. खालचा फ्लँज मात्र ताणाखाली आहे, ताणलेल्या दोरीसारखा तो सरळ राहायला बघतो. वरचा निघाला, खालचा मागे राहिला, आणि मधली वेब तिरकी झाली.

बीमला वाकवणारा जोर, म्हणजे आघूर्ण, किती झाला की फ्लँज निघेल, त्या Mcr चं सूत्र हे:

Mcr = √[ (π²·E·Iy / L²) × (G·It + π²·E·Iw / L²) ]

घाबरू नका. पहिला कंस सांगतो की बीम बाजूला वाकायला किती ताठ आहे, दुसरा सांगतो की पिळायला किती ताठ आहे. माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे की L कुठे बसलाय ते बघा. तो दोन्ही कंसांत खाली आहे आणि वर्गात आहे. आणि हा L म्हणजे बीमची लांबी नव्हे. वरच्या फ्लँजला बाजूने आधार जिथे जिथे मिळतो, त्या दोन आधारांमधलं अंतर म्हणजे L. सगळी गंमत याच वाक्यात आहे.

आता आपल्या बीमचे आकडे. बाजूला सरकण्याची भीतीच नसती, तर आयएस 800 या स्टील बांधकामाच्या भारतीय कोडप्रमाणे या बीमची क्षमता 267 किलोन्यूटन-मीटर आहे. आपल्या भाराला दीडचा गुणक लावून जो आघूर्ण येतो तो 121.5. म्हणजे क्षमतेच्या निम्माही नाही. फॅब्रिकेटरने बहुतेक इतकाच हिशोब केला असणार, आणि मग तो निर्धास्त झाला.

पण मध्ये आधार नाही, म्हणजे L सहा मीटर. सूत्रात घातलं की Mcr येतो 129. म्हणजे अगदी सरळ, निर्दोष बीमसुद्धा तिथे कलंडेल. प्रत्यक्षात रोलिंग मिलमधून बीम किंचित वाकडाच येतो आणि स्टीलमध्ये आतले ताणही असतात. कोड त्यासाठी आणखी कपात करतो, आणि हातात राहतात फक्त 99. हवे होते 121.5. गेलं ना गणित!

आता फक्त मधोमध वरच्या फ्लँजला आधार द्या. L झाला तीन मीटर. तोच बीम, तेच स्टील, क्षमता 192. जवळजवळ दुप्पट. दोन आधार देऊन L दोन मीटर केला, तर 231. आणखी आधार वाढवत गेलात तर 267 कडे हळूहळू सरकाल, पण त्याच्या वर कधीच नाही. असा बाजूचा आधार म्हणजे ब्रेस. ब्रेसिंग बीमला मजबूत करत नाही. त्याच्यात जी ताकद होतीच, ती वापरू देतं, एवढंच. म्हणून पहिला ब्रेस सोन्याचा, तिसरा-चौथा बहुतेक वेळा नुसता खर्च.

आता त्या ब्रेसवर किती बळ येतं? लोकांना वाटतं, एवढा मोठा बीम धरायचा म्हणजे मोठं काहीतरी लागणार. परत पट्टीकडे या.

[पट्टीच्या वरच्या कडेला मधोमध दोन बाजूंनी दोन पेन्सिली टेकवतो, बोटाने दाबतो]

मी पेन्सिली अगदी हलक्या धरल्या आहेत, तरी आता दाबलं तर पट्टी निमूट उभी राहते. बीम सरळ असताना त्याला बाजूला जायची ओढ फार कमी असते. ती ओढ वाढू लागण्याआधीच अडवली की थोड्याशा बळात भागतं. आयएस 800 म्हणतो, दाबाखालच्या फ्लँजमधल्या बळाच्या अडीच टक्के धरा. आपल्याकडे फ्लँजमधलं बळ येतं 316 किलोन्यूटन, त्याचे अडीच टक्के म्हणजे सुमारे 8 किलोन्यूटन, साधारण 800 किलो. तीन मीटरच्या अंतराला 90 बाय 90 बाय 6 चा अँगल सहज पुरतो, आणि तो जाड घ्यायचा तेही मुख्यतः तो स्वतः बारीक पडून बगल देऊ नये म्हणून. वजन पंचवीसेक किलो. बीमचं वजन 370 किलो. पंचवीस किलोंनी 370 किलोंची क्षमता जवळजवळ दुप्पट केली.

इथवर ऐकून मालक खूश झाले आणि फॅब्रिकेटरला सांगून अँगल बसवून घेतले. मी आठवड्याने पुन्हा गेलो. अँगल होते, वेल्डिंगही चांगलं होतं. पण होते कुठे? खालच्या फ्लँजला. मिस्त्री म्हणाला, "वर जॉइस्ट आडवे येत होते ना साहेब, आणि खालून दिसायलाही बरं."

जो फ्लँज पळणारच नव्हता, त्याला बांधून ठेवलं होतं. वरचा मोकळाच. त्या अँगलची किंमत जवळपास शून्य.

दुसरी चूक त्याहून बारीक. तिन्ही बीम अँगलने एकमेकांना बांधले होते आणि तिथेच काम संपलं होतं, टोकाला कशालाच काही जोडलेलं नव्हतं. विरारच्या गर्दीच्या लोकलमध्ये तिघांनी एकमेकांचे हात धरले आणि दांडा कोणीच धरला नाही, तर गाडी वळली की तिघंही एकदम एकाच बाजूला जातात. तसंच हे. तिन्ही बीम एकाच दिशेने कलंडायला मोकळे. कुठेतरी दांडा हवा: अँगल आरसीसी कॉलमला नेऊन बांधा, किंवा शेवटच्या दोन बीमांत वरच्या फ्लँजच्या पातळीवर तिरके अँगल टाकून आडवा ट्रस करा. एक ध्यानात ठेवा, बळ साठत जातं. दांड्याजवळच्या शेवटच्या अँगलवर एका बीमचं नव्हे, तिन्ही बीमांचं बळ येतं.

दांडा मिळतच नसेल तर एक वेगळी वाट आहे. दोन बीमांमध्ये वरून खालपर्यंत पूर्ण उंचीची क्रॉस फ्रेम बसवायची. ती बाजूला सरकणं अडवत नाही, पीळ अडवते. एका बीमला कलंडायचं तर दुसऱ्याला उचलावं लागतं, आणि दुसरा उचलू देत नाही. पुलाच्या गर्डरांमध्ये जी एक्स आकाराची जाळी दिसते, तिचं एक काम हेच.

मग वरचे जॉइस्ट आधार देत नव्हते का? टेकवलेले होते, बांधलेले नव्हते. घर्षणावर मी विश्वास ठेवत नाही, कारण माल उतरवताना, ढकलताना ते कधी सुटेल सांगता येत नाही. तेच जॉइस्ट वरच्या फ्लँजला क्लीटने बोल्ट केले आणि टोकाला कॉलममध्ये पकडले, तर तेच ब्रेस झाले असते आणि वेगळा अँगल लागलाही नसता. काँक्रीटचा स्लॅब असेल तर तो घट्ट झाल्यावर फ्लँजला पूर्ण धरतो. पण ओलं काँक्रीट ओतताना भार पूर्ण असतो आणि आधार शून्य, हे विसरू नका.

आणखी एक. गाळ्यात जिन्यासाठी एक बीम कॉलमच्या पुढे सव्वा मीटर बाहेर काढलेला होता. तिथे सगळं उलटं: वर ताण, खाली दाब. तरी त्या मोकळ्या टोकाला जास्त सरकतो तो ताणाखालचा वरचा फ्लँज, म्हणून ब्रेस कुठे द्यायचा, हे कोणता फ्लँज सरकणार ते बघूनच ठरवायचं. "दाब तिथे ब्रेस" असं पाठ करू नका.

तपासायचं कसं? वरच्या फ्लँजच्या कडेला टोकापासून टोकापर्यंत दोरी ताणा आणि मधोमध फट मोजा. मग मधोमधच वरच्या फ्लँजच्या कडेवरून ओळंबा सोडा आणि खालच्या फ्लँजची कड किती सुटते ते बघा. बीम कलंडायला निघाला असेल तर तो इथे दिसतो. मधल्या बीमची फट माल न ठेवताच 9 मिलिमीटर भरली, सहा मीटरला 6 पर्यंत चालले असते.

अँगल काढून वर बसवले, शेवटच्या खणात तिरके टाकले, कॉलमला प्लेट मारून बांधले. मग तागे चढवले. मालकांनी दोरी परत लावायला सांगितली, त्यांना वाटलं फट आता शून्य होईल. फट होती 9 मिलिमीटरच. ब्रेस वाकडा बीम सरळ करत नाही, तो पुढे वाकू देत नाही. मला तोच आकडा बघायचा होता.