पिशवी साफ करायची आहे, भूल कोणती घ्यायची?

(तालुक्याच्या महिला मेळाव्यातील एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांचे व्याख्यान, संपादित)

"डॉक्टर, मला पूर्ण झोपवा, मला काही कळायला नको," असं गर्भपाताच्या वेळी गर्भपिशवी साफ करायला आलेल्या बऱ्याच जणी आल्या आल्याच सांगतात. ही भीती बहुतेक वेळा जुन्या क्युरेटिंगची असते. आईनं, मावशीनं सांगितलेली. तेव्हा धातूच्या हत्यारानं पिशवी आतून खरवडायचे. आता सुरुवातीच्या महिन्यांत प्लास्टिकची बारीक नळी आत घालून आतलं ओढून घेतात. खरवडू नये, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. तरी काही दवाखान्यांत अजून खरवडतात, म्हणून "नळीनं करणार ना?" एवढं विचाराच.

एक उदाहरण घेऊ. नववा आठवडा आहे, सोनोग्राफीत बाळाचे ठोके नाहीत आणि अंगावरून काहीच जात नाही. गोळ्या घेऊन किंवा वाट पाहूनही पिशवी रिकामी होऊ शकते, पण या बाईला एकदाच सगळं संपवायचं आहे. आधी तासभर आयबुप्रोफेनची गोळी देतात. गरज वाटली तर पिशवीचं तोंड मऊ व्हावं म्हणून मिसोप्रोस्टॉलही देतात. मग पिशवीच्या तोंडाभोवती बधिर करणाऱ्या लिग्नोकेनची इंजेक्शनं. टोचल्यासारखं होतं, थोडं झोंबतं. त्या वेळी कानात गुंई आवाज आला किंवा तोंडाला धातूसारखी चव आली, तर लगेच सांगायचं, कारण औषध रक्तात जास्त उतरल्याची ती खूण असू शकते. औषध मुरायला दोन-तीन मिनिटं दिली, की पिशवीचं तोंड थोडं रुंद करून नळी आत जाते. नळीची जाडी मिलिमीटरमध्ये साधारण आठवड्यांइतकीच, म्हणजे इथे आठ-नऊ. बाहेर 60 मिलिलिटरची हातानं ओढायची मोठी सिरिंज. प्रत्यक्ष ओढणं पाच-दहा मिनिटांत आटोपतं.

आता दुखण्याचं खरं सांगते. इंजेक्शनानं पिशवीचं तोंड बधिर होतं, पण वरच्या भागाच्या नसा वेगळ्या वाटेनं जातात. म्हणून शेवटी, रिकामी झालेली पिशवी आवळते तेव्हा, पाळीतल्यापेक्षा जोराची कळ येते. डॉक्टरांना मात्र तीच कळ हवी असते. नळीभोवती पिशवी आवळलेली हाताला जाणवणं, आतली भिंत खरखरीत लागणं आणि लालसर फेस येणं, ही काम झाल्याची लक्षणं.

ही कळ नकोच असेल, तर शिरेतून गुंगीचं औषध देता येतं. पूर्ण भूलही देता येते. जिच्यावर अत्याचार झालाय, जिला आतली तपासणीच सहन होत नाही, तिला मी स्वतः झोपवावं असं सुचवते. पण सरसकट नको. पूर्ण भुलीसाठी सहा तास उपाशी राहावं लागतं, भूलतज्ज्ञ लागतो, खर्च वाढतो. काही भुलीच्या वायूंनी पिशवी सैल पडून रक्त जास्त जातं. झोपलेली बाई "इथे फार दुखतंय" असंही सांगू शकत नाही. गुंगी किंवा पूर्ण भूल घेतली तर सोबत कुणीतरी हवंच, आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही.

आणि हो, नको असलेला गर्भ काढायचा असेल, तर अठरा वर्षं पूर्ण झालेल्या बाईची स्वतःचीच सही कायद्याला पुरते. नवऱ्याची मागणारे अजून आहेत!

काढलेलं सगळं गाळणीत धुऊन, पाण्यात पसरून उजेडात पाहायचं असतं. त्यात वारेचे पांढरट, तरंगणारे धागे दिसले पाहिजेत. नाही दिसले, तर गर्भ आतच राहिलाय किंवा पिशवीबाहेर, गर्भनलिकेत आहे, ही शंका तेव्हाच घ्यायची.

गुंगी किंवा पूर्ण भूल घेतली नसेल, तर तासाभरात घरी जाता येतं. एक-दोन आठवडे थोडं थोडं अंगावरून जातं, मध्येच थांबून पुन्हा सुरू होतं. याला घाबरू नका. पण लागोपाठ दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले, तर तसंच निघून या, रात्र असली तरी. ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर जाऊन उतरत नाही, स्रावाला घाण वास येतो किंवा पोटात दुखणं दिवसागणिक वाढतंय, तरीही या. एक फसवं दुखणं असतं: पहिल्या काही तासांत पोट प्रचंड दुखतं, पण रक्त मात्र जवळजवळ जातच नाही. तेव्हा पिशवीत रक्त साठलेलं असू शकतं. ते पुन्हा नळीनं ओढलं, की आराम पडतो. घरी गोळ्या खात बसू नका.

पाळी चार ते आठ आठवड्यांत येते, पण दिवस त्याआधीही राहू शकतात, कारण बीज दोन आठवड्यांतच बाहेर पडू शकतं. तांबी त्याच वेळी बसवता येते. गरोदरपणातली मळमळ आणि स्तन दुखणं आठवडाभरात कमी झालं नाही, तर दाखवायला या. घरी लघवीची चाचणी मात्र लगेच करू नका. सगळं नीट झालं असलं तरी ती चार आठवड्यांपर्यंत दोन रेषा दाखवू शकते.