तीन मिलिमीटरची रेघ आणि उलट्या करणारं बाळ

नमस्कार. मी सोनोग्राफी करणारा डॉक्टर. आमच्या खोलीत शिरणाऱ्या बाईकडे पाहून दाराबाहेरचे लोक ‘कितवा महिना?’ असंच विचारतात. तिच्या कडेवर पाच आठवड्यांचं बाळ असलं तरी! आज अशाच एका बाळाविषयी बोलणार आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे इकडेतिकडे केले आहेत.

पहिलाच मुलगा, जन्मतः वजन ३.१ किलो. तिसऱ्या आठवड्यापर्यंत सगळं छान चाललं होतं, ३.७ किलोपर्यंत बाळसं धरलं होतं. मग दूध प्यायल्यावर उलटी व्हायला लागली. सुरुवातीला गुळणीसारखी, पुढे चांगली हातभर लांब उडणारी. आईचं दूध बाधतंय, ढेकर नीट काढत नाही, दृष्ट लागली, असं सगळं बोलून झालं. पाचव्या आठवड्यात वजन ३.५ किलोवर उतरलं आणि लंगोट पूर्वीसारखे ओले होईनात.

आजीनं सांगितलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटली. ‘ओकतं आणि लगेच पुन्हा दूध मागतं. आजारी पोर असं मागत नाही हो.’ अगदी बरोबर. या बाळाची भूक शाबूत असते, कारण बिघाड फक्त दाराशी असतो. जठरातून लहान आतड्यात जायच्या तोंडाशी एक स्नायूंचं कडं असतं, त्याला पायलोरस म्हणतात. काही बाळांत जन्मानंतर दोन ते आठ आठवड्यांच्या काळात हे कडं जाड होत जातं आणि वाट बंद होत येते. मुलांमध्ये हे मुलींच्या साधारण चौपट दिसतं. का होतं, याचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. आजीनं पुढं हेही सांगितलं की बाळाच्या बापाच्या पोटावर लहानपणीच्या ऑपरेशनचा व्रण आहे. हा आजार घराण्यात येऊ शकतो, त्यामुळे माझे कान टवकारले.

आईला मी एकच प्रश्न विचारला, उलटीचा रंग कोणता? पांढरी, दह्यासारखी, असं ती म्हणाली. दार पित्त मिसळण्याच्या जागेच्या अलीकडे बंद असलं तर उलटीत हिरवा रंग येत नाही. लक्षात ठेवा, तान्ह्या बाळाला हिरवी उलटी झाली तर ते प्रकरण वेगळं. आतड्याला पीळ पडलेला असू शकतो, तेव्हा सोनोग्राफीची वेळ घेत बसायचं नाही, त्याच तासाला दवाखाना गाठायचा.

आता तपासणी. बाळाला उजव्या कुशीवर वळवलं, म्हणजे जठरातलं दूध दाराकडे येतं आणि हवा वर सरते. हवेतून आम्हाला काही दिसत नाही. पडद्यावर दार आडवं दिसलं तर मध्ये अस्तराची पांढरी पट्टी आणि तिच्या वर-खाली स्नायूच्या दोन काळपट पट्ट्या दिसतात. मोजायची ती यातल्या एकाच काळ्या पट्टीची जाडी. ती ३ मिलिमीटर किंवा जास्त आणि दाराच्या बोगद्याची लांबी साधारण १५ मिलिमीटरच्या पुढे असली, की निदान जवळजवळ पक्कं. या बाळाची जाडी ४.६ भरली, लांबी १९.

आकडे ऐकून सोपं वाटतं, पण चुका इथेच होतात. कुणी अस्तरही स्नायूत धरून मोजतं. कुणी दोन्ही बाजूंची बेरीज करतं. सगळ्यांत जास्त फसवणूक होते ती छेद तिरका गेला की. काकडी सरळ कापली तर चकती गोल येते आणि तिरकी कापली तर लांबोळी. स्नायूचंही तसंच होतं, निरोगी बाळाची २ मिलिमीटरची पट्टी तिरक्या छेदात तीनची भासते. म्हणून आडव्या आणि उभ्या, दोन्ही छेदांत मोजून पाहायचं. त्यातून जठर दुधानं टम्म भरलेलं असेल तर दार मागे ढकललं जातं आणि सापडतच नाही. न सापडणं म्हणजे नॉर्मल असणं नव्हे, हे रिपोर्ट लिहिताना विसरता कामा नये.

यापेक्षाही माझा भर असतो तो बघत बसण्यावर. कधीकधी दाराला नुसती उबळ आलेली असते. स्नायू घट्ट आवळलेला, जरा जाड दिसतो आणि पाच-दहा मिनिटांनी सैल पडून दूध पुढे जाताना दिसतं. त्या बाळाला ऑपरेशन नको. आमच्या या बाळाचं जठर लाटेवर लाट मारत होतं, दूध दारापर्यंत येऊन धडकत होतं आणि मागे फिरत होतं. दहा मिनिटांत एक थेंबही पुढे गेला नाही. माझ्या लेखी ४.६ या आकड्याइतकंच वजन त्या दहा मिनिटांना आहे. आकडा २ ते ३ च्या मध्ये अडकला, तर बाळावर लक्ष ठेवून एक-दोन दिवसांनी पुन्हा पाहायचं. आजार वाढता असतो, खरा असेल तर जाडी वाढलेली दिसते.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग लगेच ऑपरेशन करतात का?)

नाही, आणि आईवडिलांचा जीव इथेच टांगणीला लागतो. ‘दार बंद आहे म्हणता, मग थांबता कशाला?’ सांगतो. उलटीतून पोटातलं आम्ल जातं, म्हणजे क्लोराइड जातं, पोटॅशियमही कमी होतं आणि रक्त अल्कधर्मी होत जातं. अशा रक्तामुळे श्वासाची प्रेरणा मंदावते. त्याच अवस्थेत भूल दिली तर नंतर बाळ श्वास घ्यायचं थांबू शकतं. या बाळाचं क्लोराइड घसरून ८६ झालं होतं आणि रक्तातला अल्क दाखवणारं बायकार्बोनेट चढून ३४. तोंडानं दूध बंद केलं, नाकातून नळी घातली, सलाईन सुरू झालं. लघवी होऊ लागल्यावर त्यात पोटॅशियम घातलं. तीस तासांनी क्लोराइड १०१, बायकार्बोनेट २६ आलं आणि मग भूलतज्ज्ञांनी होकार दिला. भुकेलं बाळ रडतं आणि आईला पाजता येत नाही, हे तीस तास फार लांब असतात.

ऑपरेशन मात्र थोडक्यात आटोपतं. जर्मन शल्यचिकित्सक रामश्टेट यांच्या नावानं ते ओळखलं जातं, शंभराहून जास्त वर्षं जुनं आहे. जाड स्नायूला बाहेरून लांबट चीर देऊन तो फाकवतात, आतल्या अस्तराला हात लावत नाहीत. काही कापून काढलेलं नसतं. अस्तराला चुकून भोक पडलं किंवा चीर अपुरी राहिली, हे धोके क्वचित असतात, पण असतात. म्हणून शेवटी अस्तर तपासूनच पोट बंद करतात.

काही तासांनी थोडंथोडं दूध सुरू होतं आणि बहुतेक बाळं एक-दोन दिवसांत घरी जातात. पहिल्या दिवशी एखाद-दुसरी उलटी होतेच, ती पाहून घाबरायचं कारण नाही. मोठ्या उलट्या चार-पाच दिवसांनंतरही थांबल्या नाहीत, लघवी कमी झाली किंवा जखम लालसर होऊन पाझरू लागली, तर मात्र सर्जनला दाखवायचं.

या बाळाचे वडील आठव्या दिवशी माझ्याकडे परत आले, ‘खात्री करून घेऊ’ म्हणून. बाळ मजेत दूध पीत होतं, वजन वाढायला लागलं होतं. मी त्यांना सोनोग्राफी करू नका म्हटलं, तरी ते ऐकेनात. प्रोब ठेवला तर जाडी ४.४. त्यांचा चेहरा पडला. स्नायू पातळ व्हायला कित्येक आठवडे लागतात, दार मात्र कधीच उघडलेलं असतं. हे मी तोंडी सांगण्यापेक्षा पडद्यावरच दाखवलं : आईनं पाजलं, आणि दूध त्या जाड कड्यातून सरळ पुढे निघून गेलं.