घेऊ नये, की घेता कामा नये?

[दृश्य: क्लॅरिथ्रोमायसिनच्या खोक्यातून पातळ कागदाची घडी बाहेर येते, उलगडत जाते]

ही घडी बहुतेकांनी कधी उघडलेलीच नसते, आणि उघडली तरी अक्षरं मुंगीएवढी, सगळं इंग्रजीत, त्यामुळे ती परत खोक्यात जाते. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक आहे, छातीच्या इन्फेक्शनला देतात आणि पोटात एच. पायलोरी नावाचा जंतू निघाला तर इतर गोळ्यांबरोबर चौदा दिवसांच्या कोर्समध्येही देतात. घेणारा माणूस पुष्कळदा साठीच्या आसपासचा असतो आणि कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, त्याला आधीपासून चालू असते.

आता होतं काय, की लिव्हरमधलं जे एन्झाइम काही स्टॅटिन मोडून शरीराबाहेर काढायचं काम करतं, त्यालाच क्लॅरिथ्रोमायसिन अडवतं. रोजची गोळी तीच, डोस तोच, पण रक्तातलं प्रमाण चढत जातं. मग अंग दुखतं, स्नायू दुखतात, आणि क्वचित प्रकरण इतकं वाढतं की स्नायू तुटायला लागतात, लघवी चहासारखी गडद होते आणि किडनीवर येतं.

[दृश्य: इंग्रजी घडीवरच्या तीन ओळी एकेक करून ठळक होतात]

या एका धोक्यासाठी अमेरिकेतल्या लेबलमध्ये वेगवेगळ्या ताकदीची वाक्यं आहेत. सिमव्हास्टॅटिन आणि लोव्हास्टॅटिन या दोन स्टॅटिनबरोबर क्लॅरिथ्रोमायसिन कॉन्ट्राइंडिकेटेड आहे, म्हणजे एकत्र द्यायलाच मनाई आहे, आणि ते टाळताच येत नसेल तर कोर्स चालू असेपर्यंत ते स्टॅटिन थांबवायचं, तिथे शब्द आहे मस्ट. अॅटोरव्हास्टॅटिन एकत्र देण्यावाचून गत्यंतरच नसेल तर त्याचा डोस दिवसाला २० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, तिथे शब्द आहे शुड. आणि या एन्झाइमवर अवलंबून नसलेलं स्टॅटिन, उदाहरणार्थ फ्लुव्हास्टॅटिन, त्याचा विचार करता येईल, तिथे कॅन. तिन्ही वाक्यं स्टॅटिनबद्दलच आहेत, पण पेशंटने उद्या काय करायचं ते तिन्हीत वेगळं.

मराठीत आणताना घोळ होतो तो नकारात. आपल्याकडे 'घेऊ नये' हे एकच रूप मस्ट नॉटलाही वापरतात आणि शुड नॉटलाही. भिंतीवर 'थुंकू नये' लिहिलेलं असतं तेव्हा ती सरळ बंदी असते, आणि आजी म्हणते 'रात्री दही खाऊ नये' तेव्हा तो सल्ला असतो. संदर्भ माहीत असला की आपण फरक बरोबर ओळखतो. पण औषधाच्या कागदावर संदर्भ कुठून आणणार? तिथे वाचणारा एकटा असतो आणि समोर फक्त ती ओळ असते.

[दृश्य: टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी]

समजा, एका पेशंटला अँजिओप्लास्टीनंतर अॅटोरव्हास्टॅटिन ४० चालू आहे, आणि आता खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन आलं. मराठी कागदावर लिहिलंय, 'अॅटोरव्हास्टॅटिनबरोबर घेऊ नये.' तो वाचतो, घाबरतो आणि हृदयाची गोळी स्वतःच बंद करतो. मूळ ओळ बंद करा म्हणत नव्हती, २० च्या वर नको म्हणत होती, म्हणजे डॉक्टरांनी डोस कमी करायचा किंवा दुसरं अँटिबायोटिक बघायचं. हा माणूस मात्र स्टेंट बसवलेला असताना गोळीशिवाय राहिला, आणि आठवड्याने पुन्हा चालू करायची हेही त्याला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्याला सिमव्हास्टॅटिन चालू आहे. त्याच्या कागदावर लिहिलंय, 'शक्यतो टाळावे.' त्याने टाळायचा विचार केला, मग वाटलं इतकी वर्षं घेतोय, काय होतंय, आणि दोन्ही गोळ्या घेत राहिला. या 'शक्यतो'ने मस्टचं पार पाणी केलं, आणि माझ्या मते पहिल्यापेक्षा ही चूक जास्त वाईट, कारण कागद वाचूनही माणूस धोक्यात राहिला आणि त्याला तो धोका दिसलाच नाही.

मग लिहायचं कसं? मराठीत पायऱ्या आहेत की, आपण त्या वापरत नाही एवढंच. मस्ट नॉटसाठी 'घेता कामा नये' आहे, आणि पेशंटशी थेट बोलायचं असेल तर 'अजिबात घ्यायची नाही' आहे. होकारी मस्टसाठी 'केलंच पाहिजे'. शुडसाठी साधं 'करावं' किंवा 'जाऊ नये', पण त्याला 'शक्यतो' चिकटवायचं नाही. आणि एकदा ठरवलं की पूर्ण कागदभर तेच ठेवायचं, एका ओळीत 'कामा नये' आणि दुसऱ्या ओळीत त्याच ताकदीला 'टाळावे' असं केलं की वाचणारा आपला आपण फरक शोधत बसतो.

मे आणि कॅन वरवर सोपे वाटतात, कारण 'शकतो' हाताशी असतं. क्लॅरिथ्रोमायसिनमुळे रक्तात 'डिगॉक्सिनचं प्रमाण वाढू शकतं', डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध, इथे 'शकतं' चालतं, ती शक्यता आहे. पण 'फ्लुव्हास्टॅटिन घेऊ शकता' लिहिलं की ती परवानगी झाली, माणूस थेट मेडिकलमध्ये जाऊन मागणार. तिथे 'डॉक्टर दुसऱ्या स्टॅटिनचा विचार करतील' असं हवं. आणि डिगॉक्सिनच्या रक्ततपासणीबद्दल लेबलमध्ये आहे ते शुड बी कन्सिडर्ड, म्हणजे तपासणी करण्याचा विचार व्हावा. त्याचं 'तपासणी आवश्यक' केलं तर आपण पदरचा मस्ट घातला.

[दृश्य: पेन्सिलने 'बंद करावी' या शब्दांखाली रेघ]

अजून एक गोष्ट, आणि ही नजरेतून हमखास सुटते. मूळ घडी डॉक्टरांसाठी लिहिलेली असते, त्यामुळे 'मस्ट बी सस्पेंडेड' म्हटलं की कुणी सस्पेंड करायचं ते त्यांना सांगावं लागत नाही. मराठीत 'बंद करावी' झालं की कर्ताच गायब, आणि कागद पेशंटच्या हातात असेल तर तो कर्ता स्वतःलाच समजणार. शिवाय सस्पेंड म्हणजे तेवढ्यापुरतं थांबवणं, कायमचं बंद नाही. एका शब्दात दोन गोष्टी हरवल्या, कुणी आणि किती दिवस.

तपासायला भारी यंत्रणा लागत नाही. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसाला मराठी कागद देऊन परत इंग्रजी करायला सांगायचं आणि मस्टच्या जागी मस्टच येतो का बघायचं. तो शुड घेऊन आला तर ओळ बदलायची. पण हे भाषा जाणणाऱ्यांचं झालं. खरी परीक्षा पेशंटची. युरोपात २००४ च्या दुरुस्तीनंतर पेशंटसाठीचं माहितीपत्रक खऱ्या वाचकांकडून तपासून घेणं कायद्यात आलं. इथेही तसंच करता येतं, फक्त 'समजलं का?' असं विचारायचं नाही, कारण लोक हो म्हणतात. विचारायचं, 'उद्या रात्री सिमव्हास्टॅटिन घ्याल का? आणि अॅटोरव्हास्टॅटिन ४० असेल तर काय कराल?' पहिल्याचं उत्तर नाही असं यायला हवं, दुसऱ्याचं 'डॉक्टरांना फोन करीन, स्वतः बंद करणार नाही.' कुणी 'थोडीशी घेईन' म्हणालं तर दोष त्या माणसाचा नाही, ओळीचा आहे.

[दृश्य: नवा मराठी कागद, मोठ्या अक्षरात]

'सिमव्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन चालू असेल तर ही गोळी सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. या दोन्हीपैकी कुठलंही औषध क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर घेता कामा नये. कोर्स असेपर्यंत कोलेस्टेरॉलची गोळी थांबवायची की अँटिबायोटिक बदलायचं, ते डॉक्टर ठरवतील. थांबवली तर पुन्हा सुरू करायची तारीख त्यांच्याकडून इथे लिहून घ्या.

अॅटोरव्हास्टॅटिन चालू असेल तर डोस दिवसाला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. तुमचा डोस जास्त असेल तर डॉक्टरांना कळवा, गोळी स्वतःहून बंद करू नका.

स्नायू दुखायला लागले किंवा लघवी गडद झाली तर लगेच डॉक्टरांना गाठा.'