चाळिसावं वर्ष आणि पुसट झालेलं अक्षर

नमस्कार, श्रोतेहो.

येत्या वर्षभरात ज्यांना ४० पूर्ण होणार आहेत आणि तो दिवस ज्यांना नकोसा वाटतोय, त्यांच्याशी मला आज बोलायचं आहे. साठी झाली की माणसं हौसेनं साठीशांत करतात, पंच्याहत्तरीला नातवंडं गोळा होतात. चाळीस म्हटलं की मात्र पोटात गोळा येतो. तरुणपण सरलं, ठरवलं होतं ते राहून गेलं, आता शरीरही कुरकुरायला लागणार. या तीन गोष्टी मनात अशा गुंततात की कुठली खरी आणि कुठली भीतीतून आलेली, हे कळेनासं होतं. या गुंत्यातला एकच धागा मी आज हातात घेतो, डोळ्यांचा. चाळिशीच्या आसपास अगदी प्रत्येकाला गाठणारा बदल तो हाच, आणि त्याचा अर्थ माणसं फार चुकीचा लावतात.

माझी एक धाकटी मावसबहीण आहे, कराडकडे असते. एका पतसंस्थेत कॅश काउंटर सांभाळते. लग्न झालं तेव्हा ती बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. मग संसार, मुलगी, सासूबाईंचं आजारपण, आणि शिक्षण राहिलं ते राहिलंच. चाळिशी जवळ आली तशी तिनं मनात एक यादी केली होती. पदवी नाही, स्वतःचं घर नाही, गाणं सुटलं. मुलगी वाढदिवसाला छोटा हॉल घ्यायचं म्हणत होती, तर ही चिडून म्हणाली, "काय साजरं करायचं? जे झालं नाही ते?"

तरी त्या वर्षी तिनं एक धाडस केलं. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात पदवीला प्रवेश घेतला. १९८९ साली सुरू झालेलं हे विद्यापीठ नोकरी आणि संसार सांभाळून शिकणाऱ्यांसाठीच आहे, तिथं वयाची वरची मर्यादा नाही. पुस्तकं घरी आली. जेवणं, आवराआवर झाली की रात्री ती अभ्यासाला बसायची. दहा-पंधरा मिनिटांत कपाळ दुखायला लागायचं. ओळी एकमेकींत मिसळायच्या. एकच परिच्छेद तीनतीनदा वाचला तरी डोक्यात शिरायचा नाही. तिकडे काउंटरवर एका खातेक्रमांकात तिनं आठाच्या जागी तीन लिहिला आणि साहेबांचं बोलणं खाल्लं. या सगळ्याचा निष्कर्ष तिनं स्वतःच काढला: डोकं आता चालत नाही, अभ्यासाचं वय गेलं.

हे कोणाला सांगितलंही नाही. पुस्तकं कपाटात वरच्या फळीवर गेली.

मधे एका प्रदर्शनात तयार चष्म्यांचा स्टॉल होता. तिथं तिनं एकामागून एक चष्मे लावून पाहिले आणि अक्षर ज्यात सगळ्यात मोठं दिसलं तो घेतला. तो निघाला अधिक तीनचा. लावला की पुस्तक जवळ धरावं लागायचं, हातभर लांब नेलं की पुन्हा पुसट, आणि वर गरगरायचं. मग तिची खात्रीच पटली की आपल्याला चष्म्यानंही उपाय नाही.

मी गेलो तो एका दुपारी. मावशी तिच्याकडेच राहायला होती. मावशीची रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी मी हिच्या हातात दिली आणि म्हटलं, तारीख बघ गं संपलीय का. तिनं पट्टी जवळ घेतली, मग हात लांब केला, मग कोपर पूर्ण सरळ केलं. "दादा, तूच वाच," म्हणाली. माझा चष्मा बॅगेत होता, म्हणून मीही वाचेना. तेव्हा ती उठली, गॅलरीत उन्हात गेली, पट्टी थोडी तिरकी धरली आणि घडघडा महिना-वर्ष वाचून दाखवलं.

मी म्हटलं, "तुझं डोकं ठीक आहे. डोळे तपासायला चल."

तर म्हणाली, "माझे डोळे? दादा, समोरच्या टेकडीवरच्या देवळाचा झेंडा मला इथनं दिसतो. वर्गात शेवटच्या बाकावरनं फळा वाचायचे मी."

आणि श्रोतेहो, हेच तर महत्त्वाचं होतं. लांबचं स्वच्छ, जवळचं पुसट. उन्हात वाचता येतं, रात्री दिव्याखाली येत नाही. पुन्हा सांगतो: लांबचं स्वच्छ, जवळचं पुसट, आणि उजेडात बरं.

(इथे एक गोष्ट बोलल्याशिवाय मला राहवत नाही. औषधाच्या पट्टीवरची तारीख ज्या बारीक टायपात छापतात, आणि तीही चकचकीत चंदेरी कागदावर, तसं छापू नये. ती औषधं घेणारे बहुतेक लोक चाळिशीच्या पुढचेच असतात.)

नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी लांबचा तक्ता वाचायला दिला. हिनं शेवटची ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं, बघ म्हटलं होतं ना, अशा नजरेनं. मग डॉक्टरांनी डोळ्यापुढे अधिक पाऊण नंबरचं भिंग धरलं. तीच ओळ तितकीच स्वच्छ दिसली. ज्याला नंबर अजिबात नाही, त्याला असं भिंग धरल्यावर लांबचं थोडं पुसटायला हवं. तिला पुसटलं नाही, म्हणजे अधिक पाऊण नंबर तिला आधीपासून होता. तरुणपणी डोळ्याचं आतलं भिंग तो गुपचूप भरून काढत होतं, म्हणून कधी कळला नव्हता. आता भिंगाची लवचिकता घटली, तेव्हा तो उघडा पडला. त्यावर वाचनासाठी आणखी एक. लांबचा अधिक पाऊण आणि जवळचा अधिक पावणेदोन. चाचणीच्या चौकटीत ही भिंगं बसवून डॉक्टरांनी तिच्या हातात मराठी मजकुराचं कार्ड दिलं. तिनं सगळ्यात बारीक ओळ वाचली. मग खाली ठेवलेलं वर्तमानपत्र उचललं आणि त्यातली छोट्या जाहिरातींची पानंही वाचत बसली. डॉक्टर थांबले होते, मी थांबलो होतो, ही वाचत होती. शेवटी मान वर केली तेव्हा डोळे भरले होते. म्हणाली, "मला वाटलं होतं, माझी बुद्धीच गेली."

पुस्तकं फळीवरनं खाली आली. त्या वर्षीची परीक्षा तिनं दिली. वाढदिवसाला हॉल काही घेतला नाही. मावशीनं निरांजन लावून औक्षण केलं, हिनं हरकत घेतली नाही. मला विचाराल तर वाढदिवस औक्षणानंच करावा, वय कितीही असो. मेणबत्ती फुंकून विझवण्यापेक्षा दिवा ओवाळून घेणं मला जास्त भावतं. असो.

वेळ थोडा उरलाय, पण हे होतं कसं ते सांगायलाच हवं. डोळ्याच्या बाहुलीमागे जे भिंग असतं, त्यात आयुष्यभर नवे थर वाढत राहतात. जुने थर गळून पडत नाहीत, आतच दाबले जातात. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे, फक्त मधला भाग घट्ट होत जातो. जवळचं पाहताना हे भिंग फुगावं लागतं, आणि घट्ट झालेलं भिंग पुरेसं फुगत नाही. एवढंच. बुद्धीचा याच्याशी काही संबंध नाही.

आणि ही गोष्ट चाळिशीत सुरू होत नाही. दहा वर्षांच्या मुलाला साधारण ७ सेंटीमीटरवरचंही नीट दिसतं. चाळिशीत ते अंतर वीस-बावीस सेंटीमीटरपर्यंत गेलेलं असतं, पन्नाशीत चाळीसच्या आसपास. म्हणजे ही घट शाळेत असल्यापासून चालू आहे. मात्र पुस्तक आपण तीस-चाळीस सेंटीमीटरवर धरतो, आणि भिंगाची सगळी ताकद पणाला लावून माणूस फार वेळ वाचू शकत नाही, थोडी शिल्लक लागते. ती शिल्लक चाळिशीला संपायला येते, म्हणून त्याच वयात जाणवतं. ज्यांना लपलेला अधिक नंबर आहे, त्यांची शिल्लक लवकर संपते, सदतीस-अडतीसलाही. उलट ज्यांना आधीपासून उणे दोन-तीनचा चष्मा आहे, ते तो काढून खुशाल वाचतात.

पहिला नंबर साधारण अधिक एकच्या आसपास लागतो, मग साठीपर्यंत हळूहळू वाढत अडीचच्या आसपास जाऊन थांबतो. पुष्कळांना भीती असते की चष्मा लावल्यानं नंबर वाढतो. तसं नाही. न लावला तरी भिंग घट्ट व्हायचं ते होतंच, फक्त मधली वर्षं डोकेदुखीत जातात. डोळ्यांचे व्यायाम, त्राटक करून हे भिंग पुन्हा मऊ होत नाही. व्यायाम करा, त्यासाठी हजार चांगली कारणं आहेत, हे त्यातलं नव्हे.

तयार चष्म्याबद्दल माझं मत ठाम आहे. प्रवासात अडचणीला चालेल, पण पहिला चष्मा तपासूनच घ्यावा. तयार चष्म्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो, आडवा नंबर धरलेला नसतो. आणि सगळ्यात मोठं अक्षर दिसेल तो निवडायचा नसतो. आपल्या नेहमीच्या अंतरावर आरामात वाचता येईल तो सगळ्यात कमी नंबर पुरे. शिवाय तपासणीत डॉक्टर डोळ्यातला दाब आणि मागचा पडदाही बघतात. काचबिंदू सुरुवातीला दुखत नाही, कळत नाही. तो सापडतो तो अशाच तपासणीत.

काही गोष्टी मात्र चाळिशीच्या खात्यात टाकू नका. एकाच डोळ्यानं पुसट दिसणं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसणं, सरळ रेघ वाकडी दिसणं, नजरेसमोर एका बाजूनं पडदा आल्यासारखं वाटणं. यातलं काहीही असेल तर वाढदिवसाची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि नंबर काही आठवड्यांतच बदलायला लागला, तर रक्तातली साखर तपासून घ्या.

तपासायला जाल तेव्हा एक करा. जे काम तुम्ही रोज करता ते कोणत्या अंतरावर करता, हे आधी घरी टेपनं मोजून घ्या. शिवण असेल तर सुईपासून डोळ्यापर्यंत, संगणक असेल तर पडद्यापर्यंत, पोथी असेल तर चौरंगापासून. पुस्तकाच्या अंतराला दिलेला नंबर संगणकाच्या पडद्याला पुरत नाही, तिथं जरा कमी लागतो. माझ्या बहिणीला काउंटरवरच्या पडद्यासाठी म्हणूनच नंतर वेगळा चष्मा करावा लागला. अंतर चिठ्ठीवर लिहून न्या आणि डॉक्टरांना दाखवा.

नमस्कार.