भाषांतरकाराची पहिली दोन वर्षे

श्रोतेहो, नमस्कार. मी यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचे इंग्रजीतून मराठीत भाषांतर करतो. स्वतंत्रपणे काम करणाऱ्यांच्या पुण्यातील एका मेळाव्यात मी पहिल्या दोन वर्षांतील माझ्या तीन चुका सांगितल्या होत्या. त्याच आज आपल्यापुढे मांडतो.

पहिली चूक मजकूर न मोजता रक्कम सांगण्याची. एका कंपनीने फवारणी पंपाची ६० पानांची पुस्तिका पाठवली, आणि मी पाने चाळून १२,००० रुपये ठोक सांगून मोकळा झालो. फाइल स्कॅन केलेली होती, म्हणजे प्रत्येक पान हे नुसते चित्र होते; त्यातले शब्द संगणकाला मोजता येत नव्हते आणि मीही मोजले नाहीत. काम संपले तेव्हा मूळ मजकूर २१,००० शब्दांचा भरला. माझा दर शब्दाला दीड रुपया असताना पदरात पडले सत्तावन्न पैसे, आणि सुट्या भागांचे तक्ते नव्याने टाइप करण्यात गेलेले चार दिवस त्यात धरलेलेच नाहीत. त्यानंतर ‘नोझल’चे ‘तोटी’ करा, मग पुन्हा ‘नोझल’च ठेवा, अशा दुरुस्त्या तीनदा आल्या. आता फाइल आली की मी आधी माउसने एखादी ओळ निवडून पाहतो; ओळ निवडली गेली नाही, तर पान चित्र आहे असे समजावे. मग एक भरगच्च पान, एक तक्त्याचे आणि एक आकृतीचे पान हाताने मोजून अंदाज बांधतो. काम सुरू करण्यापूर्वी चाळीसएक शब्दांची यादी ग्राहकाकडून मंजूर करून घेतो, आणि एकच दुरुस्ती फेरी दरात धरली आहे, हेही कळवतो.

दुसरी चूक म्हणजे पैसे कधी मिळणार हे लेखी न घेणे. एका कामाचे पैसे मला पाच महिन्यांनी मिळाले. सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार असला तरी खरेदीदाराला ४५ दिवसांहून अधिक मुदत घेता येत नाही; परंतु त्यासाठी काम देण्याआधी उद्यम नोंदणी, म्हणजे लघु उद्योग म्हणून सरकारकडे नोंद, झालेली असावी लागते, आणि मी ती केली पैसे अडकल्यानंतर.

तिसरी चूक कापल्या गेलेल्या कराची. मी ४०,००० रुपयांचे बिल द्यायचो, खात्यात ३६,००० यायचे, आणि उरलेले गेलेच असे मी समजत होतो. वास्तविक तो ग्राहकाने कापून माझ्याच नावे सरकारकडे भरलेला कर होता आणि विवरणपत्र भरून त्याचा हिशेब मागता येत होता. दुसऱ्या वर्षी मी प्रथमच आयकर विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या नावे जमा झालेला कर दाखवणारा फॉर्म २६एएस उघडला, तेव्हा एका ग्राहकाने कापलेले ४,००० रुपये त्यात नव्हतेच. त्यांच्याकडे माझ्या पॅन क्रमांकातील एक अक्षर चुकले होते. त्यांच्या हिशेबनिसांनी दुरुस्तीचे विवरण भरल्यानंतर ती नोंद माझ्या नावावर दिसू लागली.